घड्याळातले तीन महिने, डॉक्टरांसाठी एक पान

मनगटावरचं स्मार्टवॉच घेऊन येणारे रुग्ण आता रोज भेटतात. "डॉक्टर, बघा ना," म्हणत मोबाइल पुढे करतात आणि बोटाने आलेख सरकवत राहतात. मी बघतो, पण खरं सांगायचं तर त्यातून फारसं काही कळत नाही. आज आठवड्याचा आलेख, मग महिन्याचा, आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी. तीच माहिती एका कागदावर, ओळीने, तारखांसह आली तर मात्र तिचा उपयोग होतो. कसा, ते एका उदाहरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

साधारण पन्नाशीच्या एक शिक्षिका थायरॉइडची गोळी अनेक वर्षं घेत होत्या. छातीत धडधडतं आणि पहाटे तीनला जाग येते, अशी त्यांची तक्रार होती. ईसीजी नॉर्मल होता. शाळेचं टेन्शन असेल, असं घरच्यांचं म्हणणं. त्या आयफोन आणि त्याचंच घड्याळ वापरत होत्या. मी त्यांना तीन महिन्यांच्या नोंदी एक्सेलमध्ये आणायला सांगितल्या आणि फक्त पाच रकाने करायला सांगितले: तारीख, रेस्टिंग हार्ट रेट म्हणजे शांत बसलेले असतानाचे ठोके, झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि शेरा.

तुम्हाला हे करायचं असेल तर आयफोनच्या हेल्थ अ‍ॅपमध्ये वर कोपऱ्यात तुमचा फोटो किंवा नावाची अक्षरं असतात, त्यावर दाबा. सगळ्यात खाली Export All Health Data आहे. त्यातून export.zip तयार होते आणि तिच्या आत export.xml ही फाइल असते. ती थेट एक्सेलमध्ये उघडायला जाऊ नका. घड्याळ दिवसभर थोड्या थोड्या वेळाने ठोके नोंदवतं, शिवाय पावलं, कॅलरी सगळं त्यातच असतं. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात आणि काही वर्षांच्या नोंदी त्यापुढे सहज जाऊ शकतात. आपल्याला त्यातल्या दिवसाला एक अशा ओळी हव्यात. विंडोज कॉम्प्युटरवर झिप उघडून, त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्टवर हे लिहा:

```
findstr "RestingHeartRate" export.xml > rhr.txt
```

तयार झालेली छोटी फाइल एक्सेलमध्ये घ्या आणि Text to Columns वापरून अवतरणचिन्हावर तोडा. तारीख आणि आकडा वेगळे होतील. हे जमणार नसेल तर अ‍ॅपमध्ये रेस्टिंग हार्ट रेटच्या पानावर खाली Show All Data असतं. तिथून तीन महिन्यांचे नव्वदेक आकडे हाताने उतरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्या बाईंनी तेच केलं.

झोपेच्या बाबतीत एक गोष्ट सांभाळा. फोन "अंथरुणात" अशी वेळ नोंदवतो, घड्याळ "झोपेत" अशी, आणि घड्याळ झोपेचे तुकडेही वेगळे दाखवतं. सगळ्यांची बेरीज केली की एकच रात्र दोनदा मोजली जाते. शीटमध्ये कुठे चौदा-पंधरा तासांची झोप दिसली की हेच झालंय असं समजा. म्हणून मी फक्त झोपल्याची आणि उठल्याची वेळ मागतो. तारीख लिहायची ती ज्या सकाळी उठलात ती. अकराला झोपून पाचला उठलं की साधी वजाबाकी उणे उत्तर देते, त्यासाठी हे सूत्र:

```
=MOD(D2-C2,1)*24
```

आता ठोक्यांकडे वळू. रोजचे आकडे वरखाली होतातच, म्हणून आठवड्याचा एक आकडा काढायचा. तो सरासरीचा नको, मधला हवा. डिसेंबरच्या एका आठवड्यात बाईंचे आकडे असे होते: ६६, ६७, ६६, ६८, ८८, ९०, ६७. सरासरी येते ७३. पण चढत्या क्रमाने लावून मधोमधचा घेतला तर ६७. ते दोन मोठे आकडे तापाच्या दिवसांचे होते, शेऱ्यात तसं लिहिलेलं होतं. हा मधला आकडा एक्सेल असा काढतं:

```
=MEDIAN(B2:B8)
```

याचं महत्त्व पुढे कळतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गावाकडच्या डॉक्टरांनी त्यांची थायरॉइडची गोळी ७५ मायक्रोग्रॅमवरून १०० केली होती. मला सांगायचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं, पण शेऱ्याच्या रकान्यात ते होतं. डिसेंबरभर आठवड्याचा आकडा ६६-६७. गोळी वाढल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ७०, सहाव्यात ७५, आठव्यात ७७. झोप साडेसहा तासांवरून साडेपाचवर आलेली. सरासरी घेतली असती तर ठोके डिसेंबरातच वाढले असं वाटलं असतं आणि गोळीकडे कोणाचं लक्ष गेलं नसतं.

या गोळीचं औषध शरीरात हळूहळू साठतं आणि तिचा पूर्ण परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. म्हणूनच चढ पायरीसारखा न येता उतारासारखा होता. एका दिवसात आकडा उडी मारतो तेव्हा ताप, जागरण, दारू किंवा नवीन घड्याळ अशी कारणं आधी बघावी लागतात. घड्याळ बदललं असेल तर ती तारीख शेऱ्यात लिहाच, कारण रेस्टिंग हार्ट रेट काढायची प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते.

अर्थात गोळी मी शीट बघून बदलली नाही. शीटने फक्त कोणती तपासणी करायची ते सुचवलं. रक्तातला टीएसएच खूप खाली गेलेला होता, म्हणजे गोळी जास्त होत होती. मात्रा पुन्हा ७५ केली. आठ आठवड्यांनी टीएसएच ठीक आला, ठोके ६८ वर आले आणि पहाटेची जाग थांबली. तुमच्या शीटमध्ये असा चढ दिसला तर गोळी स्वतःहून कमी करू नका. ठोके वाढण्यामागे रक्त कमी असणं, संसर्ग, दुसरी औषधं अशी कितीतरी कारणं असतात.

या कागदाला मर्यादाही आहेत. घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून ठोके मोजतं. पट्टा सैल असेल किंवा हात हलत असेल तर आकडा चुकतो. गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती, हा घड्याळाचा अंदाज असतो, त्यावर मी निर्णय घेत नाही. आणि ठोके अनियमित आहेत का, हे आठवड्याच्या आकड्यावरून मुळीच कळत नाही, त्याला ईसीजीच लागतो. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, दम लागणं असेल तर शीट करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

शेवटचं एक. मूळ export.zip कोणालाही पाठवू नका, डॉक्टरांनाही नाही. तिच्यात तुमची जन्मतारीख असते, आणि घड्याळ लावून फिरायला जात असाल तर घरापासूनचा रस्ताही नकाशासह असतो. पाच रकान्यांचं पान छापून आणा, आणि शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवू नका. औषध कधी सुरू झालं, कधी बदललं, ताप कधी आला, हे घड्याळाला माहीत नसतं. ते तुम्हीच लिहू शकता.