बारा मोठे कीं पंधरा?

लातुरास माझ्या धाकट्या बंधूचें बिऱ्हाड आहे. गेल्या वर्षीं त्याच्या मुलास नोकरीवर जाण्यायेण्यासाठीं स्कूटर घेण्याची निकड पडली. गांठचे पैसे घालूनही साठ हजार रुपये कमी पडत होते. एक बँक पंधरा टक्क्यांनीं कर्ज देण्यास तयार होती; पण दुकानांतच टेबल मांडून बसलेला एका वित्तसंस्थेचा गृहस्थ बाराच टक्के सांगत होता. मुदत दोन्हीकडे चोवीस महिन्यांची. पुतण्यानें नांदेडास मला फोन करून विचारलें, "काका, काय करूं?" मीं हंसून म्हटलें, "अरे, बारा मोठे कीं पंधरा हेंही आतां मीं सांगावें काय?"

तरी जातां जातां ताळा करून पाहिला. शाळेंत माझा विषय संस्कृत. पण गणिताचे शिक्षक रजेवर गेले म्हणजे त्यांचे तास मजकडे येत, आणि मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर, हें सूत्र मीं असंख्य मुलांकडून घोकून घेतलें आहे. साठ हजारांचें बारा टक्क्यांनीं दोन वर्षांचें व्याज १४,४०० रुपये. एकूण देणें ७४,४००. त्याचे चोवीस भाग केले म्हणजे दरमहा ३,१०० रुपये. त्या गृहस्थानेंही नेमका हाच आंकडा सांगितला होता. "हिशेब चोख आहे, सही कर," असें मीं कळविलें.

दिवाळींत सगळी मंडळी नांदेडास जमली असतां पुतण्यानें आपली कागदांची पिशवी आणली होती. तींत बँकेनें दिलेलें टिपणही राहून गेलें होतें. आमच्या सूनबाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर. त्यांनीं दोन्ही कागद शेजारीं ठेवले आणि मला विचारलें, "मामंजी, पंधरा टक्क्यांचा हप्ता २,९०९ रुपये आणि बारा टक्क्यांचा ३,१००, हें कसें?" मुदत तीच, रक्कम तीच. मला उत्तर सुचेना. प्रथम मला बँकेचीच चूक वाटली, हें कबूल केलें पाहिजे!

चूक बँकेची नव्हती, आणि गुणाकारांतही नव्हती. ती माझ्या सूत्राच्या पोटांत होती. सरळव्याजाचें तें सूत्र एक गोष्ट गृहीत धरून चालतें: सगळें मुद्दल मुदत संपेपर्यंत ऋणकोच्या हातीं राहतें आणि शेवटीं एकदम फेडलें जातें. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'मध्यें मिश्रकव्यवहारांत असेंच उदाहरण आहे. दरमहा शेंकडा पांच व्याजानें वर्षअखेर मुद्दल व व्याज मिळून एक हजार होतात, तर दोन्ही वेगळीं सांगा. उत्तर ६२५ आणि ३७५. तेथें ६२५ निष्क वर्षभर ऋणकोपाशींच असतात, म्हणून दर खरा. पण हप्त्याच्या कर्जांत साठ हजार रुपये आपल्याजवळ पहिल्या महिन्यापुरतेच असतात. पुढें प्रत्येक हप्त्यानें मुद्दलाचा कांहीं भाग परत जातो, आणि व्याज मात्र आपण चोवीस महिने पुऱ्या साठ हजारांवर भरतों. यालाच सपाट दर म्हणतात.

बँकेचा दर घटत्या शिलकीवरचा होता. पंधरा टक्के म्हणजे महिन्यास सव्वा टक्का. पहिल्या महिन्याचें व्याज ७५० रुपये. २,९०९ मधून तें वजा जातां २,१५९ रुपये मुद्दलांत जमा. दुसऱ्या महिन्यास व्याज उरलेल्या ५७,८४१ रुपयांवरच, म्हणजे ७२३. असें उतरत उतरत शेवटच्या हप्त्यांत व्याज छत्तीसएक रुपये उरतें. एकंदर व्याज सुमारें ९,८२०. आतां सपाट दराचा शेवटचा हप्ता पाहावा. संस्थेच्या मांडणीप्रमाणें त्यांत मुद्दल अडीच हजार आणि व्याज सहाशें. शेवटच्या महिन्यांत ऋणकोकडे उरलेले असतात अडीच हजार, आणि त्यांचें एका महिन्याचें व्याज सहाशें रुपये! हा महिन्याचा दर शेंकडा चोवीस झाला. पठाणानेंही मागतांना विचार केला असता.

मग तीन हजार एकशेंच्या हप्त्याचा खरा दर किती? सूनबाईंनीं तो अजमासानें काढून दाखविला. एक दर धरावयाचा, दरमहा शिलकीवर व्याज चढवावयाचें, हप्ता वजा करावयाचा, आणि चोविसाव्या महिन्यास शिल्लक शून्य येते कीं नाहीं तें पाहावयाचें. महिन्यास १.८ टक्के धरले तेव्हां अखेरीस सुमारें पंचवीस रुपये उरले. म्हणजे खरा दर त्याहून केसभर कमी. वर्षास तो २१.६ टक्क्यांच्या आसपास येतो. ज्याला मीं बारा म्हणत होतों ते वस्तुतः साडेएकवीस होते.

इतका खटाटोप ज्यास नको त्यानें सपाट दराची दुप्पट करावी, तिला महिन्यांच्या संख्येनें गुणावें आणि त्या संख्येंत एक मिळवून भागावें. आमच्या बाबतींत चोवीस गुणिले चोवीस भागिले पंचवीस, म्हणजे तेवीस. हें उत्तर थोडें चढें येतें. कारण त्यांत दरमहा मुद्दल सारखेंच फिटतें असें धरलेलें असतें, आणि खऱ्या हिशेबांत आरंभीच्या हप्त्यांत व्याज अधिक व मुद्दल कमी फिटतें. पण दुकानांत उभ्या उभ्या करण्यास तें पुरेसें आहे. यावरून सपाट दराचें कर्ज सर्वथा त्याज्य असें मात्र समजूं नये. तोच गृहस्थ सात टक्के सपाट सांगता, तर खरा दर तेरांच्या आंत राहून तें बँकेहून स्वस्तच पडतें. तुलना करावयाची तर दोन्ही दर एकाच मापांत आणावे, इतकेंच.

याखेरीज त्या संस्थेनें १,२०० रुपये शुल्क आधींच कापून घेतलें होतें. हातीं आले ५८,८००, हप्ता मात्र साठ हजारांचाच. तें धरलें कीं खरा दर पावणेचोविसाला भिडतो.

आणि मला अधिक बोंचली ती गोष्ट वेगळीच. रिझर्व्ह बँकेनें १५ एप्रिल २०२४ रोजीं परिपत्रक काढून, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदतीच्या कर्जाबरोबर ऋणकोला समजेल अशा भाषेंत मुख्य बाबींचें एक विवरणपत्र देणें बँकांना व वित्तसंस्थांना बंधनकारक केलें आहे. शुल्कें धरून होणारा वार्षिक दर आणि दरमहाच्या फेडीचा तक्ता त्यांत द्यावा लागतो. पुतण्याच्या पिशवींत तेंही होतें, आणि पावणेचोवीस टक्के त्यावर स्वच्छ छापलेले होते. "हें तूं वाचलें नाहींस?" मीं विचारलें. तो म्हणाला, "काका, तुम्हीं हिशेब चोख आहे म्हणालांत, मग पुढचीं पानें मीं उलटलींच नाहींत."

बँकेच्या व संस्थेच्या व्याजांतील फरकाचे ४,५८० रुपये मीं लातुरास निघतांना त्याच्या हातीं ठेवूं लागलों. त्यानें ते घेतले नाहींत. सूनबाईंनीं मांडलेला चोवीस महिन्यांचा तक्ता मात्र घडी करून खिशांत घातला. त्याच्या कचेरींतील एका स्नेह्यास शीतकपाट घ्यावयाचें होतें, आणि त्यालाही कोणी नऊ टक्के सांगितले होते.