सुई कुठून जाणार?

दिवाळी अंकासाठी कर्करोगाविषयी सोप्या भाषेत काहीतरी लिहा, असं संपादकांनी सांगितलं. तंबाखू आणि स्तनाचा कर्करोग यांवर पुष्कळ लिहिलं जातं आणि ते लिहिलं जायलाच हवं. मी मात्र माझ्या कामातल्या एकाच टप्प्याबद्दल, गाठीच्या बायॉप्सीबद्दल, लिहिणार आहे, कारण त्यातल्या चुकीची किंमत रुग्णाला आयुष्यभर मोजावी लागते आणि ती चूक बहुतेक वेळा टाळता येण्यासारखी असते. स्नायू, चरबी, नसांची आवरणं, रक्तवाहिन्या अशा मऊ ऊतींमधून उठणाऱ्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात. प्रौढांच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण जेमतेम एक टक्का. त्यामुळे अनेक सर्जनांना उभ्या कारकिर्दीत असे थोडेच रुग्ण दिसतात, आणि चरबीच्या साध्या गाठी मात्र दर आठवड्याला दिसतात. रोज दिसणाऱ्या गोष्टीच्या सवयीने क्वचित दिसणाऱ्या गोष्टीला हात घातला जातो, तिथून सगळा घोळ सुरू होतो.

‘दुखत नाही ना? मग काही नसेल,’ हा गाठीबद्दलचा आपल्याकडचा ठरलेला निकाल. घरातली मोठी माणसं तो देतात आणि कधीकधी डॉक्टरही देतात. सार्कोमाच्या बाबतीत तो उलटा पडतो. गळू दुखतं, कारण तिथे पू साठून ताण आणि दाह निर्माण झालेला असतो. सार्कोमा सुरुवातीला आजूबाजूच्या ऊतींना नुसता बाजूला सारत वाढतो. मांडीसारख्या ठिकाणी स्नायू इतके जाड आणि सैल असतात की लिंबाएवढी गाठ सहज सामावते. चालणं बिघडत नाही, ताप येत नाही, भूकही कमी होत नाही. गाठ एखाद्या नसेवर किंवा हाडावर दाबू लागली तरच दुखतं, आणि ते पुष्कळ उशिरा. बरेचदा काही महिन्यांपूर्वी तिथे लागल्याचं रुग्ण सांगतो. त्या माराने गाठ झालेली नसते. मार लागल्यावर हात तिथे गेला आणि आधीपासूनची गाठ हाताला लागली, एवढंच. म्हणून ‘रक्त साकळलंय, जिरेल’ असं कोणी म्हणालं आणि काही आठवड्यांत गाठ ओसरली नाही, तर ते निदान पुन्हा तपासायला हवं.

मग प्रत्येक गाठीला घाबरायचं का? मुळीच नाही. साध्या गाठी सार्कोमाच्या शंभरपट किंवा त्याहूनही अधिक आढळतात. फरक करायला तीन प्रश्न पुरतात. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे का? ती वाढते आहे का? ती कातडीखाली सहज हलते, की स्नायूंच्या आवरणाच्या खाली खोल आहे? शेवटचा प्रश्न हाताने तपासता येतो. रुग्णाला त्या जागेचा स्नायू ताठ करायला सांगायचा. गाठ खोल असेल तर ती पक्की बसते किंवा दिसेनाशी होते. वरवरची असेल तर तशीच हलत राहते. यांतल्या एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं किंवा गाठ खोल निघाली, तर पुढचं पाऊल ऑपरेशन नव्हे, तपासणी. हे प्रश्न अचूक आहेत असं मी म्हणत नाही. तरुणांच्या गुडघ्याजवळ किंवा पावलात येणारा सायनोव्हियल सार्कोमा लहान असतो, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो आणि गँगलियन समजून सोडून दिला जातो. पण मोठ्या, खोल आणि वाढत्या गाठी जरी वेळेवर पकडल्या, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

आता मुख्य मुद्दा. एक उदाहरण घेऊ. पंचेचाळिशीतल्या शेतकऱ्याच्या मांडीच्या पुढच्या बाजूला, खोल स्नायूत नऊ सेंटिमीटरची न दुखणारी गाठ आहे. चरबीची गाठ समजून ती काढायची ठरते. कमरेत इंजेक्शन देऊन मांडीवर आडवा छेद घेतला जातो. शेंगेतून दाणा निघावा तशी गाठ अलगद बाहेर येते, वरून गुळगुळीत, जणू पिशवीतच बांधलेली. सर्जनला समाधान वाटतं, नातेवाइकांनाही. जखमेतलं रक्त वाहून जावं म्हणून छेदापासून चार बोटं बाजूला दुसरं भोक पाडून ड्रेनची नळी बाहेर काढली जाते. गाठ फॉर्मेलिनच्या बरणीत तपासायला जाते आणि काही दिवसांनी रिपोर्ट येतो: उच्च श्रेणीचा सार्कोमा.

दिसली ती पिशवी खरी पिशवी नसते. वाढत्या गाठीने आजूबाजूच्या ऊती दाबून तयार झालेला तो एक थर असतो. त्या थरात आणि त्याच्या पलीकडेही कर्करोगाच्या पेशी असतात. गाठ सहज सुटून आली याचा अर्थ सर्जन नेमका त्या थरातून गेला आणि पेशी मागे राहिल्या. अशा रुग्णांवर पुन्हा ऑपरेशन करून ती जागा काढली, तर साधारण तिघांपैकी एकाच्या आणि काही अभ्यासांत निम्म्याहून अधिक रुग्णांच्या ऊतींत शिल्लक गाठ सापडली आहे. शिवाय जखमेत साचलेलं रक्त स्नायूंच्या थरांमधून जिथवर पसरलं, तिथवरची सगळी जागा आता संशयित ठरते. नंतर केलेल्या एमआरआयमध्ये सूज, व्रण आणि उरलेली गाठ एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. आधी नऊ सेंटिमीटरची स्पष्ट कड असलेली गाठ होती. आता कड कुठे धरायची हेच कळत नाही.

आडव्या छेदाची किंमत याहून वेगळी आहे, आणि ती समजावून सांगताना मी नेहमी थोडा जास्त बोलतो. हातापायातले स्नायू, रक्तवाहिन्या आणि नसा उभ्या धावतात. त्यामुळे सार्कोमा काढायचा छेदही उभा असतो, आणि जुना व्रण त्यात एका तुकड्यात निघायला हवा. व्रण उभा असेल तर त्याच्याभोवती लांबट छेद घेऊन कातडी पुन्हा जुळवता येते. आडवा असेल तर मांडीची रुंद पट्टी काढावी लागते, कातडी जुळत नाही, आणि दुसरीकडची कातडी-स्नायू आणून भोक बुजवावं लागतं. रेडिएशनचाही प्रश्न आहे. पायाला किरण देताना मांडीच्या पूर्ण घेराला ते देत नाहीत. एक उभी पट्टी मुद्दाम मोकळी ठेवतात, म्हणजे लसिकेचा द्रव वर वाहत राहतो आणि पाय कायमचा सुजत नाही. आडवा व्रण नेमका त्या राखीव पट्टीत घुसतो. बाजूला काढलेली ड्रेनची नळीही तसंच करते. छेदाच्या ओळीत, त्याच्या टोकाशी नळी काढली असती तर हा त्रास झालाच नसता.

त्याच शेतकऱ्याबाबत दुसरा मार्ग असा. आधी एमआरआय, कारण बायॉप्सीनंतरचं रक्त आणि सूज चित्र गढूळ करतात. मग जो सर्जन शेवटचं ऑपरेशन करणार आहे तो रेडिऑलॉजिस्टबरोबर बसून आपल्या छेदाची रेषा आधी ठरवतो आणि सुई त्या रेषेवरूनच घालतो. सुई शक्यतो एकाच स्नायूतून जाते, मुख्य रक्तवाहिन्या-नसांपासून लांब राहते आणि सांध्याच्या पोकळीत शिरत नाही. ट्रू-कट सुई साधारण दोन मिलिमीटर जाडीची असते. कातडीतल्या एकाच छिद्रातून तिची दिशा थोडी बदलत चार-सहा बारीक तुकडे घेतले जातात. सोनोग्राफीवर बघत गाठीचा जिवंत भाग निवडायचा असतो, कारण मधला मेलेला भाग काढला तर रिपोर्टमध्ये काहीच येत नाही. तुकडा हवा, कारण सार्कोमाचे पन्नासहून अधिक प्रकार आहेत आणि ते ओळखायला पेशींची रचना बघावी लागते, विशेष रंग लावावे लागतात. आपल्याकडे सर्रास होणारी बारीक सुईची एफएनएसी नुसत्या सुट्या पेशी देते. त्यावरून प्रकार आणि श्रेणी ठरवणं बहुधा जमत नाही, आणि तिचा ‘साधी गाठ’ हा शेरा खोटा दिलासा ठरू शकतो.

‘गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो,’ हा आक्षेप इतक्या घरांत ऐकू येतो की त्याला नीट उत्तर द्यायला हवं. सुईच्या वाटेत पेशी सांडू शकतात हे खरं आहे, पण ते फार क्वचित घडतं. ती वाट पुढच्या छेदाच्या रेषेत असेल, तर ऑपरेशनच्या वेळी गाठीसोबत तीही काढता येते. हल्ली काही केंद्रं म्हणतात की धोका इतका कमी आहे, तर वाट काढायची गरजच नाही. त्यांचं बरोबर असू शकेल. तरी सुई रेषेवर घालायला जादा खर्च येत नाही आणि नंतर पश्चात्तापाची वेळ येत नाही, म्हणून मी माझा आग्रह सोडत नाही. पण जे नातेवाईक दोन मिलिमीटरच्या सुईला नकार देतात, तेच पूर्ण गाठ फोडून काढणाऱ्या ऑपरेशनला होकार देतात. पेशी पसरायचा खरा धोका तिथे आहे.

दुसरा आक्षेप सर्जन मित्रांचा: दुसऱ्या ऑपरेशनने चूक सुधारता येते, मग एवढा गवगवा कशाला? पुन्हा नीट ऑपरेशन झालेल्या रुग्णांचं आयुर्मान पुष्कळ अभ्यासांत कमी झालेलं दिसत नाही, हे मला मान्य आहे. पण ते दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं असतं, जास्त स्नायू जातो, आणि काही वेळा पाय वाचवता येत नाही. अमेरिकेत हेन्री मॅन्किन यांनी 1982 मध्ये हाडांच्या आणि मऊ ऊतींच्या गाठींच्या 329 रुग्णांच्या बायॉप्सींचा हिशेब मांडला. त्यांतल्या पंधरा जणांचा हात किंवा पाय केवळ बायॉप्सीतल्या चुकांमुळे कापावा लागला होता. 1996 मध्ये त्यांनी 597 रुग्णांवर तोच अभ्यास पुन्हा केला. तेव्हा अशा अनावश्यक कापाकापीचे अठरा रुग्ण निघाले. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं: अंतिम उपचार होणार त्या केंद्राबाहेर बायॉप्सी झाली, तर गुंतागुंत कित्येक पटींनी वाढते. आणि 1982 मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या एका छोट्या चाचणीत पाय कापणं आणि पाय वाचवून रेडिएशन देणं, या दोन्हींत रुग्ण जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नव्हता. पाय वाचवता येतो हे तेव्हापासून माहीत आहे. तो बायॉप्सीतल्या चुकीपायी जावा, हे मला अजून सहन होत नाही.

खर्च आणि अंतराचा आक्षेप सगळ्यात खरा आहे. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला परळचं टाटा रुग्णालय जवळचं नाही, आणि एमआरआय स्वस्त नाही. पण संशय घ्यायला एमआरआय लागत नाही. वर सांगितलेले तीन प्रश्न आणि एक सोनोग्राफी तालुक्याच्या गावी होते. संशय आला की छेद न घेता रुग्ण पुढे पाठवणं हेच त्या सर्जनचं उत्तम काम आहे, आणि त्यासाठी त्याला कमीपणा मानायचं कारण नाही. एक एमआरआय आणि एक प्रवास मिळूनही दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा स्वस्त पडतात.

तुमच्या घरात कोणाला अशी गाठ असेल आणि ती काढायची तारीख ठरली असेल, तर आधी सर्जनला विचारा: एमआरआय झाला आहे का, आणि हा कर्करोग निघालाच तर पुढचं ऑपरेशन कोण करणार? गाठ आधीच काढून झाली असेल तर फक्त रिपोर्टचा कागद घेऊन बसू नका. ऑपरेशनची टिपणं, आधीच्या सोनोग्राफीच्या फिल्म, काचा आणि मेणाचे ठोकळे पॅथॉलॉजिस्टकडून मागून घ्या आणि सार्कोमाचं काम करणाऱ्या केंद्रात घेऊन जा. त्या ठोकळ्यांतून पुन्हा काप घेऊन निदान नव्याने तपासता येतं.