कोळंबीचा काळा दोरा

आमच्या सोलापूरकडं समुद्र नाही. पण १९८० साली उजनीचं धरण पुरं झालं, भीमेचं पाणी मागं फुगलं अन् मासळी घरोघरी आली. त्यातच कोळंबी. मोठी असली की कोळंबी, बारकी असली की झिंगे. आता घरात सून शहरातली आली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मामा, ह्या पाठीवरच्या काळ्या शिरेत विष असतं म्हणं?"

ती शीर नव्हंच. कोळंबीच्या रक्ताला लाल रंगच नसतो, मग काळी शीर कुठली? ते आहे तिचं आतडं. पोट डोक्यात असतं, तिथनं हे आतडं पाठीवरनं सरळ शेपटीपर्यंत जातं. तळाचा गाळ, शेवाळ, कुजका पाला असं तिनं जे खाल्लं, त्याचाच तो काळा रंग. दोन दिवस उपाशी ठेवलेल्या कोळंबीत दोरा जवळजवळ दिसतच नाही. म्हणून दोरा काळा म्हणजे कोळंबी नासकी, असं अजिबात नाही.

विष नाही, पण घाण आहे. नीट शिजवली तर त्यातले जंतू मरतात, माणसाला काही होत नाही. फक्त दाताखाली कचकच लागते अन् चव जराशी कडवट होते. आठवडी बाजारातली सुकट आपण आख्खी खातो, तिचा दोरा कोण काढतं? बारक्या झिंग्यांचंही तसंच. धुवायचे अन् शिजवायचे. पण बोटाएवढ्या कोळंबीचा दोरा काढावाच. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतनं भीमेत अन् तिथनं उजनीत येतं, हे कुणाला ठाऊक नाही?

काढायची रीत सोपी. डोकं मोडून टाका. पाठीवर दुसऱ्या-तिसऱ्या सांध्याच्या फटीत बाभळीचा काटा आडवा घाला, दोरा अलगद उचला अन् सावकाश ओढा. सबंध निघतो. तुटला तर पाठीवर सुरीनं हलकी चीर द्या, राहिलेला काढा अन् पाण्यानं धुवा. पोटाकडनंही एक बारीक पांढुरका दोरा जातो. ती मज्जा, तिला हात लावायचं कारण नाही.

खरं बघायचं ते दुसरंच. वास नवसागरासारखा झोंबतो का? डोकं लोंबतंय का? मांस बोटानं दाबलं तर पिठासारखं होतं का? डोक्यातला पाचकरस मेल्यावर मांसच पचवायला लागतो, म्हणून आधी डोकं मोडावं. असा माल दोरा काढूनही खाऊ नये. अन् चुलीवर काचेसारखं मांस आतपर्यंत पांढरं होऊन आकडा वळेपर्यंत शिजवावं. कच्चट राहिली तर दोरा काढलेलीही बाधते.

सुनेला एवढंच सांगितलं. ती आता मोठीचा दोरा काढते अन् झिंगे तसेच परतते. पहिल्यासारखं पाटीभर झिंगे उकिरड्यावर जात नाहीत.