पाच ग्रॅमचा सव्वा मायक्रोव्होल्ट

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं ताट उचलून पाहिलं, तर खाली अॅल्युमिनियमचा एक आडवा ठोकळा दिसतो. त्याचं एक टोक काट्याच्या बुडाला बोल्टने आवळलेलं असतं आणि दुसऱ्या टोकावर ताटाचा सांगाडा बसतो. ठोकळ्याच्या मधोमध डंबेलच्या आकाराचं आरपार भोक असतं. या भोकामुळे चार ठिकाणी धातू मुद्दाम पातळ राहिलेला असतो. काट्यात स्प्रिंग नाही, असं गिऱ्हाइकाला वाटतं. खरं तर हा ठोकळाच स्प्रिंग आहे, फक्त वाकताना डोळ्यांना न दिसण्याइतका कडक. यालाच आम्ही लोडसेल म्हणतो.

त्या चार पातळ जागांवर स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. गेज म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर नागमोडी कोरलेली मिश्रधातूची पत्री. ताटावर ओझं आलं की ठोकळा किंचित वाकतो, दोन गेज ताणले जातात आणि दोन दाबले जातात. ताणलेल्या तारेचा विद्युतरोध वाढतो, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५६ मध्येच दाखवलं होतं. पण धातूला चिकटवायचा गेज १९३८ साली आला. अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी तो एकमेकांपासून स्वतंत्रपणे काढला.

आता ३० किलोचा, ५ ग्रॅमच्या टप्प्याने वाचणारा दुकानी काटा घेऊ. त्यात बहुधा ४० किलोचा सेल असतो, कारण कोणीतरी ताटावर पोतं आपटणार हे बनवणाऱ्याला माहीत असतं. गेजचा रोध ३५० ओहम. पूर्ण ४० किलो ठेवले तरी तो बदलतो जेमतेम ०.७ ओहम. ओहममीटरने हे मोजायला जाल, तर उन्हाची तिरीप पडून त्याहून मोठा फरक पडेल. म्हणून चारही गेज व्हीटस्टन ब्रिजमध्ये जोडतात. ऊन लागलं तर चौघांचा रोध सारखाच वाढतो आणि फरक शून्यच राहतो. वजन ठेवलं तर दोघांचा वाढतो, दोघांचा घटतो आणि फरक उरतो. मापायचा तो एवढाच.

हा फरक किती? सेलवर ‘२ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट’ असं छापलेलं असतं. ब्रिजला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण ४० किलोला १० मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे किलोला पाव मिलिव्होल्ट आणि ५ ग्रॅमला सव्वा मायक्रोव्होल्ट. शिवाय हा सव्वा मायक्रोव्होल्ट एकटा येत नाही. सिग्नलच्या हिरव्या आणि पांढऱ्या, दोन्ही तारांवर अडीच-अडीच व्होल्ट बसलेले असतात आणि वजन लपलेलं असतं त्यांच्यामधल्या फरकात. म्हणून इथे नुसतं मोठं करणारं सर्किट चालत नाही. दोन्ही तारांवर सारखं असेल ते टाकून देऊन फक्त फरक वाढवणारा अॅम्प्लिफायर लागतो.

हौशी मंडळी यासाठी एचएक्स७११ नावाची चिप वापरतात. ती फरक १२८ पट वाढवते आणि २४ बिटच्या आकड्यात बदलते. तिची एक खुबी मला फार आवडते. ब्रिजला जो व्होल्टेज जातो, त्याच्याच मापाने ती सिग्नल मोजते. बॅटरी उतरून व्होल्टेज कमी झाला, तर सिग्नलही कमी होतो आणि मोजपट्टीही त्याच प्रमाणात आखडते, त्यामुळे वजन तेच राहतं. ४० किलोच्या सेलवर ही चिप किलोमागे सुमारे १,०७,३७४ आकडे मोजते, म्हणजे ग्रॅमला १०७. हे वाचून लोक हुरळतात आणि मिलिग्रॅम दाखवायला निघतात. पण ताट रिकामं असतानाही यातले शेवटचे आकडे सतत नाचत असतात आणि एका वाचनाला ग्रॅमभर इकडेतिकडे सहज होतं. वर पंखा सुरू असला तर ते आणखी नाचतात, आणि निराळ्या धातूंचा एखादा सांधा एका बाजूने तापला, तर सांध्यातच काही मायक्रोव्होल्ट तयार होतात. म्हणून बरीच वाचनं घेऊन सरासरी काढायची आणि ५ ग्रॅमवर समाधान मानायचं.

हे आकडे म्हणजे अजून वजन नव्हे. त्यांना किलोचा अर्थ येतो तो कॅलिब्रेशनमध्ये. रिकाम्या ताटाचा आकडा घ्यायचा, मग माहीत असलेलं वजन ठेवून दुसरा घ्यायचा; दोहोंतला फरक भागिले किलो, हा झाला गुणक. दोन बिंदूंतून एक सरळ रेषा. आता दुसरा बिंदू कुठे घ्यायचा, यावर सगळं अवलंबून आहे.

वाईच्या एका हळद व्यापाऱ्याचा असाच काटा वार्षिक शिक्क्याच्या वेळी नापास झाला होता. आदल्या महिन्यात तो कुठेतरी दुरुस्त करून घेतलेला. “अहो, माझ्या घरच्या किलोला तर चोख दाखवतो की!” व्यापारी म्हणाले. खरंच दाखवत होता. पण ५ किलोला ५.००५ आणि २० किलोला २०.०२०. चूक वजनाच्या प्रमाणात वाढत होती, तेव्हा दोष गुणकात होता. चूक सगळीकडे सारखी असती तर मी शून्य पाहिलं असतं. खाली बरोबर आणि वरच्या वजनांनाच कमी दाखवत असता तर ताट कुठे टेकतंय का, ते पाहिलं असतं. बहुतेक वेळा हळदीची भुकटी नाहीतर एखादा खडा निघतो.

दुरुस्ती करणाऱ्याने १ किलो ठेवून गुणक काढला होता, हे उघड होतं. त्या क्षणी फरक १,०७,३७४ ऐवजी १,०७,२६७ आला असेल, म्हणजे फक्त ग्रॅमभराची चूक. ५ ग्रॅमच्या पडद्यावर ती दिसतच नाही. पण रेषा पुढे वाढवली की २० किलोला २० ग्रॅम होते. शिक्का मारताना २० किलोला साडेसात ग्रॅमपर्यंतच चूक चालते. मी तपासून आणलेलं २० किलोचं वजन ठेवलं. तीच १०७ आकड्यांची चूक आता वीस किलोंत वाटली गेली, आणि पूर्ण ३० किलोलाही चूक दीड ग्रॅमवर आली. त्याआधी पूर्ण ओझं दोन-तीनदा ठेवून काढलं होतं, म्हणजे ठोकळा आणि बोल्ट आपापल्या जागी बसतात. नंतर १० किलो ताटाच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं. कोपरे जुळत नसतील, तर गुणक कितीही चोख असून उपयोग नाही.

वजन तपासलेलंच हवं, हे वेगळं सांगायला नको. एम१ वर्गाच्या २० किलोच्या वजनाला फक्त १ ग्रॅमची सूट असते. डांबराचा थर चढलेलं, नाहीतर तळाचं शिसं निघालेलं बिडाचं वजन आपली चूक निमूटपणे काट्यात उतरवतं.

काटा जिथे वापरायचा, तिथेच कॅलिब्रेट करावा, याचा मात्र बहुतेकांना विसर पडतो. जुनी तागडी दोन्ही पारड्यांची तुलना करायची, त्यामुळे ती कुठेही नेली तरी चालायची. लोडसेल पृथ्वीची ओढ मोजतो, आणि ही ओढ उंचावर कमी होते. मुंबईत चोख केलेला काटा स्ट्रॉबेरीच्या हंगामात महाबळेश्वरला नेला, तर तो ३० किलोला साधारण १० ग्रॅम कमी दाखवतो. शिक्का अखंड असतो, सेल निर्दोष असतो आणि घरचा किलोही पडद्यावर १.००० च दिसतो.