एका खेळाडूचे दोन आकडे

राफाएल नदालने फ्रेंच ओपनच्या लाल मातीवर ११२ सामने जिंकले आणि फक्त ४ गमावले. तिथे त्याची विजेतेपदं १४, विम्बल्डनच्या गवतावर मात्र २. मग नदाल खेळत होता तेव्हा तो पुढचा सामना जिंकेल याची शक्यता किती, या प्रश्नाला एकच उत्तर कसं असणार? टेनिस सामन्यांचे भाव स्वतः काढायचे ठरवून मी बसले, आणि या प्रश्नापाशीच अडकले.

त्याआधीचा भाग सरळ होता. बुद्धिबळातून आलेली एलो पद्धत घ्यायची, प्रत्येक खेळाडूला १५०० गुण देऊन सुरुवात करायची आणि दोघांच्या गुणांतल्या फरकावरून जिंकण्याची शक्यता काढायची:

```
P = 1 / (1 + 10^((Rb - Ra)/400))
```

फरक १०० गुणांचा असला की वरचढ खेळाडूची शक्यता ६४ टक्के येते. १ ला ०.६४ ने भागलं की भाव मिळतो, १.५६. सामना झाला की जिंकणाऱ्याचे गुण वाढतात, हरणाऱ्याचे घटतात. किती, ते K ठरवतो. टेनिससाठी वापरात असलेलं एक सूत्र मी घेतलं: `K = 250/(n+5)^0.4`. इथे n म्हणजे खेळाडूने आधी खेळलेले सामने. नवख्याचा K सुमारे १३१ असतो, २०० सामने खेळलेल्याचा सुमारे ३०. नवख्याबद्दल आपल्याला फारसं माहीत नसतं, म्हणून त्याचे गुण झपाट्याने हलू द्यायचे.

जेफ सॅकमन यांनी सर्वांसाठी खुल्या केलेल्या निकालांच्या फायलींत प्रत्येक सामन्यापुढे `surface` हा रकाना आहे. त्यावरून हार्ड कोर्ट, माती आणि गवत यांचे वेगळे गुण काढता आले, आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला. समजा, अ चे एकूण गुण २०५० आणि मातीवरचे १९००, तर ब चे एकूण १९५० आणि मातीवरचे १९८०. सामना मातीवर आहे. एकूण गुण धरले तर अ ची शक्यता ६४ टक्के, भाव १.५६. फक्त मातीचे धरले तर ३९ टक्के, भाव २.५८. तोच सामना, तेच खेळाडू, आणि दोन आकडे दोन वेगवेगळे विजेते सांगत होते.

माझ्या दादाचा संख्याशास्त्राशी रोजचा संबंध. त्याने दोन्ही आकडे पाहिले आणि विचारलं, "अगं, हा मातीचा आकडा किती सामन्यांवर उभा आहे ते बघितलंस का?" मग दोन्हींची सरासरी घ्यायला सांगितलं. अ चे १९७५, ब चे १९६५ झाले. अ ची शक्यता ५१.४ टक्के, भाव १.९४, ब चा २.०६. मातीवर दोघांचेही भरपूर सामने असतील, तर ही निम्मी-निम्मी वाटणी पटण्यासारखी होती.

दादाच्या प्रश्नाचा पुरता अर्थ गवताकडे वळल्यावर कळला. गवताचा हंगाम फ्रेंच ओपननंतर जेमतेम काही आठवड्यांचा. एकूण गुण २००० असलेला तरुण पहिल्यांदा गवतावर उतरतो, तेव्हा त्याचे गवताचे गुण १५००च असतात. सरासरी घेतली तर १७५०, म्हणजे चांगला खेळाडू कागदावर अचानक सामान्य. उलट, पाच सामन्यांनंतर K जवळजवळ १०० असतो, त्यामुळे बरोबरीच्या खेळाडूवरच्या एका विजयाने गवताचे गुण ५० ने उडी मारतात. अशा आकड्याला निम्मं वजन देणं मला पटेना. म्हणून वजन त्या कोर्टवरच्या सामन्यांशी बांधलं:

```
w = n / (n + 20)
R = w*R_surface + (1 - w)*R_overall
```

गवतावर एकही सामना नसेल तर वजन शून्य, सगळी भिस्त एकूण गुणांवर. ५ सामन्यांना वजन ०.२, २० सामन्यांना ०.५. तो तरुण आता २००० वरच राहतो. यातला २० हा आकडा काही निसर्गनियम नाही. जुन्या वर्षांवर वेगवेगळे आकडे लावून तो निवडायचा आणि बाजूला ठेवलेल्या पुढच्या वर्षांवर तपासायचा.

तपासणीही विजेता ओळखला की नाही एवढ्यावर थांबत नाही. ज्यांना ६० ते ७० टक्के शक्यता दिली, त्यांतले शंभरी साधारण ६५ जिंकायला हवेत. ५७-५८च जिंकत असतील, तर मॉडेल गरजेपेक्षा जास्त ठाम बोलतंय. ही मोजणी गवतासाठी वेगळी करावी लागते, नाहीतर हार्ड कोर्टच्या ढीगभर सामन्यांत गवतावरची चूक झाकली जाते.

बाजाराच्या भावाशी तुलना करतानाही आधी त्यातला नफा काढावा लागतो. दोघांना १.८५ भाव असेल तर शक्यतांची बेरीज १०८ टक्के होते. ती १०० वर आणली की प्रत्येकी ५० उरतात. त्यानंतरही माझा भाव फार वेगळा दिसला, तर बाजाराला दुखापतीची बातमी माहीत असू शकते. माझ्या गुणांना ती कधीच कळत नाही. म्हणून मी आता प्रत्येक भावाशेजारी दोघांचा त्या कोर्टवरचा n छापते. तो लहान असेल, तर दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवरून मी काहीही ठरवत नाही.