कुकरचं शरीर

"कुकर कधीही कोरडे उकळू देऊ नका."

यातला एकही शब्द परका नाही, तरी हे मराठी नाही. एक तर कुकर तो, त्यामुळे 'कोरडे' चुकलंच. पण ते दुरुस्त करून 'कोरडा' केलं तरी काम होत नाही, कारण आपल्या घरांत कुकर कोरडा उकळत नसतो, त्यातलं पाणी आटतं. "अगं, पाणी आटलं असेल, बघ" असं आपण ओरडतो. म्हणून मी लिहिलं: "कुकरमधलं पाणी पूर्ण आटू देऊ नका." इंग्रजीत 'ड्राय' होतं, मशीनने त्याचं 'कोरडे' केलं, आणि अर्थ तिथेच अडकला.

माझा एक जुना विद्यार्थी भांड्यांचा व्यवसाय करतो. ज्या कारखान्याचे कुकर तो आणतो, त्यांनी माहितीपत्रक मशीनकडून मराठीत आणि उर्दूत करून घेतलेलं. "टीचर, गिऱ्हाईक वाचून हसतं. दोन्ही भाषा तुमच्याच आहेत, जरा बघा ना," म्हणाला. आठ छोटी पानं होती. मला वाटलं होतं एक संध्याकाळ पुरेल, गेले तीन रविवार.

हसण्यासारखं खूप होतं. 'कुकरचे शरीर ओल्या कापडाने पुसा.' इंग्रजीत 'बॉडी' आहे, आपण नुसतं 'कुकर बाहेरून पुसा' म्हणतो. 'पाणी उकळू लागल्यावर वजन ठेवा.' कसलं वजन, पाव किलोचं की अर्ध्या किलोचं? ती आपली शिट्टी. इंग्रजी पत्रकात तिला 'वेट' म्हणतात, कारण ती खरोखर वजनच असते: वाफेचा जोर वाढला की ती उचलली जाते आणि जास्तीची वाफ निघून जाते. 'उच्च ज्योत' म्हणजे मोठी आच, 'कमी ज्योत' म्हणजे मंद आच. ही वाक्यं दुरुस्त करायला सोपी, आणि वाचणाराही ती हसत हसत मनातल्या मनात दुरुस्त करतोच.

'दबाव' या शब्दाशी मात्र मी थोडी रेंगाळले. उर्दूच्या पानांवर भाप का दबाव अगदी ठीक बसतो. मराठीत मात्र दबाव माणसांवर येतो, राजकारणात येतो, मुलीच्या लग्नासाठी घरच्यांचा येतो. वाफेचा असतो तो दाब. हिंदी-उर्दूचा शब्द हिंदीची लिपी सारखी म्हणून मराठीत घुसला की तो चुकीचा वाटत नाही, फक्त किंचित वाकडा वाटतो. दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला हे पटकन दिसतं. पूर्ण पत्रकात नऊ ठिकाणी दबावाचा दाब केला.

खरी काळजी वाटली ती न हसवणाऱ्या वाक्यांची. त्यातलं एक असं: "जोपर्यंत वाफ सोडली जात नाही तोपर्यंत झाकण उघडू नका." व्याकरण बरोबर, वाचायलाही गुळगुळीत. मी ते आमच्या शेजारच्या खालांना वाचून दाखवलं आणि विचारलं, मग झाकण कधी उघडायचं? खाला चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेल्या, पाया आणि खिचडा कुकरमध्येच करणाऱ्या. म्हणाल्या, "वाफ सुटायला लागली की."

म्हणजे नेमकं उलट. वाफ सुटायला लागते तेव्हा आत दाब भरपूर असतो. इंग्रजीत 'रिलीज्ड' होतं, त्याचा अर्थ सगळी वाफ निघून गेल्यावर. मराठीत 'सगळी' हा एक शब्द नव्हता, आणि वर 'नाही' आणि 'नका' अशी दोन नकारांची गाठ. तिसरीकडे, दोन पानं सोडून, शिट्टी उचलून पाहायची सूचना होती. मी ती इथे आणली आणि एका वाक्याची पाच केली:

"गॅस बंद करा. कुकर आपोआप थंड होऊ द्या. मग चमच्याच्या टोकाने शिट्टी किंचित उचलून पाहा. वाफ आली किंवा सूं आवाज झाला तर थांबा. काहीच आलं नाही, तरच झाकण उघडा."

खालांना पुन्हा वाचून दाखवलं. "हे तर आम्ही करतोच," म्हणाल्या. सूचना नीट झाल्याची याहून चांगली पावती मला माहीत नाही. उर्दूत मात्र मी जब तक हीच रचना ठेवली, फक्त 'सारी भाप निकल न जाए' केलं. तिथे ती रचना रोजच्या बोलण्यातली आहे, कोणी अडखळत नाही.

दुसरं वाक्य याहून फसवं होतं: "सुरक्षा झडप कार्यरत असल्यास गॅस बंद करा." नुसतं मराठी वाचणाऱ्याला यात काहीच खटकणार नाही. कार्यरत असणं चांगलंच की. पण मग गॅस का बंद करायचा? इथे मी इंग्रजी काढलं. तिथे 'ऑपरेट्स' होतं, म्हणजे झडप उडाली तर. कुकरमधलं पाणी आटलं आणि तापमान फार वाढलं की झाकणावरच्या या झडपेतला लवकर वितळणारा धातू वितळतो आणि तिथून वाफ जोरात बाहेर पडते. ती एकदा वितळली की तशीच परत वापरता येत नाही, नवी बसवावी लागते. मी लिहिलं: "झाकणावरची सुरक्षा झडप वितळून तिच्यातून वाफ येऊ लागली, तर लगेच गॅस बंद करा. कुकर पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावू नका. नवी झडप बसवल्याशिवाय कुकर पुन्हा वापरू नका."

या वाक्यानंतर मी काम करायची पद्धत बदलली. आधी फक्त खटकणारी वाक्यं इंग्रजीशी ताडून पाहत होते, मग न खटकणारीही पाहू लागले. विचित्र वाक्य स्वतःहून हात वर करतं, गुळगुळीत वाक्य मागच्या बाकावर गप्प बसलेलं असतं. (शिक्षकाला उदाहरणं वर्गातलीच सुचतात, माफ करा.)

भरण्याच्या प्रमाणाचंही सांगते. "2/3 पूर्ण पेक्षा जास्त भरू नका, फुगणाऱ्या पदार्थांसाठी 1/2." अपूर्णांक वाचून कोणी कुकर भरत नाही. पाच लिटरचा कुकर असेल तर डाळ, तांदूळ पाण्यासकट अडीच लिटरच्या वर जाऊ नयेत, असं मी कुकरच्या आकाराप्रमाणे लिहून दिलं. शेजारी कारणही घातलं: डाळींना फेस येतो, तो वाफेच्या नळीत अडकला की शिट्टी होत नाही आणि दाब वाढत राहतो. खिचड्यात गहू आणि तीन-चार डाळी एकत्र असतात, म्हणून उर्दूच्या पानावर खिचड्याचं नाव मुद्दाम टाकलं. कारखान्याला काही हरकत नव्हती.

वॉरंटीच्या परिच्छेदाला मी हात लावला नाही. तिथे भाषा बदलली की अर्थासोबत जबाबदारीही बदलते, ते त्यांच्या वकिलाने पाहावं. फक्त 'वॉरंटी शून्य आहे' याच्याखाली रेघ मारून ठेवली.

एका शब्दावर मात्र आमचं अजून ठरलेलं नाही. झाकणाच्या आतल्या रबराला मी 'रबर' लिहिलं. विद्यार्थी म्हणतो, दुकानात सगळे 'रिंग' मागतात. कारखाना म्हणतो 'गॅस्केट' असू द्या, कारण सुट्या भागाच्या पाकिटावर तेच छापलंय. सध्या पत्रकात 'गॅस्केट, म्हणजे रबरी रिंग' असं आहे, आणि छपाई पुढच्या आठवड्यात.