आधी कोठी, मग मनोरा

२ जानेवारीला कर्जतमध्ये हुतात्मा भाई कोतवालांवर बोलायचं आहे. खोपोलीहून लोकलने निघाले. मांडीवर टिपणं, खिडकीबाहेर विजेचे मनोरे. १९४२ मध्ये कोतवालांच्या आझाद दस्त्याने असेच मनोरे पाडले. बघता बघता भाषणाचं वाक्य सापडलं: कोतवालांनी आधी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढली, मग मनोरे पाडले.

आता प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की हे वाक्य मनात म्हणून बघते. त्याचा अर्थ वाढला, तर परिच्छेद राहतो. माथेरानचा जन्म, १९१२, हा नुसता तपशील ठरला, काढला. सावकाराकडून धान्य उचलणारा शेतकरी मात्र सगळ्यांत पुढे आणला, कारण त्याच्याशिवाय कोठी कशासाठी ते कळतच नाही.

सिद्धगड काढवत नव्हता. १९४३ ची ती पहाट, ज्यात कोतवाल पडले तो गोळीबार मला फार जवळचा. पण तो लांबला की ऐकणारे फक्त मरण घेऊन घरी जातात, कोठी मागे राहते. म्हणून तीनच ओळी ठेवल्या. तिथेच पडलेल्या मानिवलीच्या हिराजी पाटलांचं काय? त्यांचं वाक्य वेगळं असणार. या भाषणात त्यांचं नुसतं नाव येतं, आणि तेवढ्यावर मन मानत नाही.